दोन पर्याय चालतात, गुण एकालाच मिळतात

प्रश्न: मी एडब्ल्यूएसच्या सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षेची तयारी करतोय. कोणती सेवा काय करते हे मला माहीत आहे, तरी सराव परीक्षेत ६५ टक्क्यांच्या वर जात नाही. चारपैकी दोन पर्याय सरळ चूक असतात, ते कळतात. उरलेले दोन्ही चालणारे असतात आणि मी नेमका नको तो निवडतो. ‘सर्वांत सुरक्षित’ दिसलं की जास्त कडक वाटणारा घेतो, ‘सर्वांत स्वस्त’ दिसलं की चक्क अंदाज लावतो. शिवाय दोन ठिकाणच्या उत्तरतालिका एकमेकींशी जुळत नाहीत. काय करू?

उत्तर: तुमची गडबड सेवांच्या माहितीत नाही, प्रश्न वाचण्याच्या क्रमात आहे. शेवटच्या ओळीतलं ‘मोस्ट कॉस्ट-इफेक्टिव्ह’ किंवा ‘मोस्ट सिक्युअर’ तुम्ही आधी उचलता आणि त्या चष्म्यातून पर्याय बघता. ते शब्द सगळ्यात शेवटी वापरायचे असतात. प्रश्नाच्या मजकुरात काही अटी दडलेल्या असतात. त्यातली एकही मोडणारा पर्याय कितीही स्वस्त किंवा कितीही सुरक्षित असला तरी बाद होतो. अटींतून जे पर्याय तगतात, त्यांच्यातला एक निवडण्यापुरतंच शेवटच्या ओळीचं काम असतं.

हे एका प्रश्नावर पूर्ण करून बघू. खालचा प्रश्न बनवलेला आहे, पण या जातीचे प्रश्न तुम्हाला भेटणारच.

एका कंपनीचे ईसी२ सर्व्हर खासगी सबनेटमध्ये, दोन अव्हेलेबिलिटी झोनमध्ये आहेत. ते त्याच रीजनमधल्या एस३ बकेटमधून महिन्याला साधारण १० टेराबाइट डेटा वाचतात. सध्या ही वाहतूक नॅट गेटवेमधून जाते. ती सार्वजनिक इंटरनेटच्या वाटेने जाऊ नये, असं सुरक्षा विभागाचं म्हणणं आहे. सर्वांत किफायतशीर उपाय कोणता? पर्याय असे: (अ) प्रत्येक झोनमध्ये वेगळा नॅट गेटवे ठेवणं, (ब) एस३साठी इंटरफेस एंडपॉइंट, (क) एस३साठी गेटवे एंडपॉइंट, (ड) सर्व्हरना पब्लिक आयपी देऊन सिक्युरिटी ग्रुपने फक्त एस३कडे जाणारी वाहतूक सोडणं.

चारही मार्गांनी फायली वाचता येतील, म्हणून ‘चालेल का’ हा प्रश्न इथे निरुपयोगी आहे. अटी बघा. सर्व्हर खासगी सबनेटमध्ये आहेत आणि वाहतूक इंटरनेटच्या वाटेने नको. (ड) तिथेच पडला. (अ) सुद्धा पडला, कारण नॅट गेटवेपुढची वाट इंटरनेट गेटवेतून एस३च्या सार्वजनिक पत्त्यावर जाते.

इथे जाणकार माणूस अडखळतो. एकाच रीजनमध्ये नॅटमधून एस३कडे जाणारी वाहतूक प्रत्यक्षात एडब्ल्यूएसच्या स्वतःच्या जाळ्यातच राहते, हे खरं आहे. पण परीक्षेत ‘इंटरनेटवरून जाऊ नये’ किंवा ‘खासगी जोडणी हवी’ ही शब्दरचना एंडपॉइंटकडे बोट दाखवण्यासाठीच असते. तिथे जाळ्याच्या अंतर्गत रचनेवर स्वतःशी वाद घालू नका.

आता (ब) आणि (क) उरले. दोन्ही खासगी, दोन्ही चालणारे. शेवटच्या ओळीची पाळी आता आली. गेटवे एंडपॉइंटला तासाचं भाडं नाही आणि प्रति जीबी शुल्कही नाही. इंटरफेस एंडपॉइंटला दोन्ही आहेत. उत्तर (क).

फरक किती मोठा आहे ते एकदा आकड्यांत बघून ठेवा, म्हणजे तो डोक्यात बसेल. उत्तर व्हर्जिनिया रीजनच्या प्रसिद्ध दरांनी नॅट गेटवे ताशी ०.०४५ डॉलर आणि त्यातून जाणाऱ्या प्रत्येक जीबीला ०.०४५ डॉलर घेतो. महिन्याचे ७३० तास आणि १०,००० जीबी धरले तर एका गेटवेचं भाडं ३३ डॉलरच्या आसपास येतं, पण डेटाचे ४५० डॉलर होतात. इंटरफेस एंडपॉइंट प्रत्येक झोनमागे ताशी ०.०१ आणि प्रति जीबी ०.०१ घेतो, म्हणजे दोन झोनचे जेमतेम १५ आणि डेटाचे १०० डॉलर. गेटवे एंडपॉइंटचे शून्य.

दर पाठ करू नका, परीक्षेत ते लागत नाहीत आणि बदलतही असतात. पाठ करायचं ते हे, की कोणत्या सेवेत पैसे कशाचे लागतात: तासाचे, जीबीचे, विनंत्यांचे, की साठवलेल्या वस्तूंच्या संख्येचे. प्रश्नात ‘१० टेराबाइट’ लिहिलंय ते सजावट म्हणून नव्हे. जिथे आकडा दिलाय, तिथे त्या आकड्यावर शुल्क लावणारा पर्याय बहुधा सापळा असतो.

आता तोच प्रश्न घ्या आणि एकच वाक्य वाढवा: ‘कंपनीच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरनाही डायरेक्ट कनेक्टवरून याच बकेटमध्ये खासगी आयपीने पोचायचं आहे, आणि त्यासाठी याच व्हीपीसीतला एंडपॉइंट वापरायचा आहे.’ आता (क) बाद. गेटवे एंडपॉइंट म्हणजे व्हीपीसीच्या राउट टेबलमधली एक नोंद, जी एस३च्या पत्त्यांची यादी त्या एंडपॉइंटकडे वळवते. ती नोंद त्या व्हीपीसीतल्या सबनेटपुरती असते. डायरेक्ट कनेक्ट, व्हीपीएन किंवा व्हीपीसी पिअरिंगवरून बाहेरून आलेली वाहतूक ती वापरू शकत नाही. इंटरफेस एंडपॉइंटचं तसं नाही. तो सबनेटमध्ये स्वतःचा खासगी आयपी असलेलं नेटवर्क कार्ड टाकतो आणि त्या आयपीपर्यंत डेटा सेंटरमधून पोचता येतं. मघाशी महाग म्हणून नाकारलेला (ब) आता ‘सर्वांत किफायतशीर’ ठरतो, कारण अटी पाळणारा तोच एक उरलाय. पर्यायांत ‘व्हीपीसीतल्या सर्व्हरसाठी गेटवे आणि डेटा सेंटरसाठी इंटरफेस, दोन्ही ठेवा’ असा पाचवा असेल तर तो घ्या. दोन्ही एकत्र ठेवता येतात आणि १० टेराबाइटचं शुल्कही वाचतं.

म्हणून चुकलेला प्रश्न तपासताना ‘बरोबर उत्तर कोणतं होतं’ एवढं लिहून थांबू नका. तुम्ही निवडलेल्या पर्यायासमोर लिहा: प्रश्नात कोणतं वाक्य घातलं किंवा काढलं असतं तर हाच बरोबर ठरला असता? वर (ब)समोर ‘डायरेक्ट कनेक्ट’ लिहिलं जाईल. हे वाक्य सुचत नसेल तर त्या दोन सेवांमधली सीमारेषा तुम्हाला माहीत नाही, आणि त्या दिवशी वाचायचं तेवढंच. दिवसाला दहा प्रश्न असे सोडवलेले नुसत्या दोन पूर्ण सराव परीक्षांपेक्षा जास्त कामाचे आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमच्या दुसऱ्या सवयीकडे येऊ: ‘सर्वांत सुरक्षित’ म्हणजे जास्त कडक. वरच्याच उदाहरणात शेवटची ओळ बदलून ‘बकेटमधला डेटा फक्त या व्हीपीसीतूनच वाचता यावा, सर्वांत सुरक्षित उपाय कोणता’ अशी करा. नुसता एंडपॉइंट बसवला की काम झालं असं वाटतं, पण एंडपॉइंट ही फक्त वाट आहे. ज्याच्याकडे परवानगी आहे तो दुसऱ्या वाटेनेही बकेट उघडू शकतो. दुसरी वाट बंद करायला बकेट पॉलिसी लागते:

```json
{
  "Version": "2012-10-17",
  "Statement": [{
    "Effect": "Deny",
    "Principal": "*",
    "Action": "s3:*",
    "Resource": [
      "arn:aws:s3:::example-bucket",
      "arn:aws:s3:::example-bucket/*"
    ],
    "Condition": {
      "StringNotEquals": {
        "aws:SourceVpce": "vpce-1a2b3c4d"
      }
    }
  }]
}
```

दिलेल्या एंडपॉइंटवरून न आलेली प्रत्येक विनंती ही पॉलिसी नाकारते. या प्रश्नात हमखास दिसणारे दोन खोटे पर्याय ओळखून ठेवा. पहिला म्हणतो, बकेटला सिक्युरिटी ग्रुप लावा. बकेटला सिक्युरिटी ग्रुप लावताच येत नाही, आणि गेटवे एंडपॉइंटलाही नाही. तो इंटरफेस एंडपॉइंटला लावता येतो. दुसरा म्हणतो, अट म्हणून `aws:SourceIp` मध्ये व्हीपीसीची खासगी आयपी श्रेणी लिहा. वाचायला अगदी बरोबर वाटतो, पण विनंती एंडपॉइंटमधून येते तेव्हा ही कळ उपयोगी पडत नाही. खासगी पत्त्यावर अट घालायची तर `aws:VpcSourceIp` वापरावी लागते.

प्रत्यक्ष कामात या पॉलिसीचा एक चटका बसतो आणि परीक्षेत त्यावरही प्रश्न बनतो. पॉलिसी लावली की ब्राउझरमधल्या कन्सोलवरून तीच बकेट उघडणाऱ्या प्रशासकालाही ‘ॲक्सेस डिनाइड’ दिसतं, कारण कन्सोलची विनंती त्या एंडपॉइंटवरून येत नाही. स्पष्ट नकार असला की आयएएममधली कितीही मोठी परवानगी त्यावर मात करत नाही. बाहेर पडण्याचा मार्ग म्हणजे खात्याच्या रूट वापरकर्त्याने ती बकेट पॉलिसी काढणं. प्रश्नात ‘प्रशासकांना कन्सोलवरून बघता आलं पाहिजे’ असं वाक्य असेल, तर वरची पॉलिसी जशीच्या तशी असलेला पर्याय कितीही सुरक्षित दिसला तरी चूक आहे.

तेव्हा ‘सर्वांत सुरक्षित’चा अर्थ जास्त सेवा किंवा जास्त कुलपं असा लावू नका. तगलेल्या पर्यायांना तीन गोष्टी विचारा. चोरीला जाऊ शकेल अशी दीर्घकाळ टिकणारी किल्ली कशात नाही? परवानगी सर्वांत अरुंद कशात आहे? आणि बाहेरून दिसणारा भाग सर्वांत कमी कशात आहे? ईसी२वर ॲक्सेस की ठेवून ती एन्क्रिप्ट करणं आणि ईसी२ला आयएएम रोल देणं यात पहिल्याच प्रश्नावर निकाल लागतो. रोलमधून मिळणारी ओळख तात्पुरती असते आणि ती आपोआप बदलत राहते.

डेटाबेसच्या पासवर्डचे प्रश्न याच कसोटीवर सुटतात, आणि तिथे शेवटची ओळ बदलली की उत्तर कसं फिरतं ते छान दिसतं. लॅम्डा फंक्शनच्या कोडमध्ये डेटाबेसचा पासवर्ड लिहून ठेवलाय, तो हलवायचा आहे. पासवर्ड एन्क्रिप्ट करून ठेवायचा एवढीच अट आणि सर्वांत स्वस्त हवं असेल, तर पॅरामीटर स्टोअरमध्ये `SecureString` प्रकारचा पॅरामीटर. त्याचा स्टँडर्ड स्तर ४ केबीपर्यंतच्या मूल्याला साठवणुकीचे पैसे घेत नाही. सीक्रेट्स मॅनेजर मात्र प्रत्येक गुपितामागे महिन्याला ०.४० डॉलर घेतो. आता अट घाला, ‘पासवर्ड दर ३० दिवसांनी आपोआप बदलला पाहिजे, देखभाल कमीत कमी हवी’. पॅरामीटर स्टोअरकडे पासवर्ड फिरवण्याची स्वतःची सोय नाही. वेळापत्रक आणि एक लॅम्डा लिहून ते जमवता येतं, आणि म्हणूनच तो पर्याय ‘चालणारा’ वाटतो. पण तो कोड लिहायचा, तपासायचा आणि सांभाळायचा तुम्हीच, म्हणजे ‘लीस्ट ऑपरेशनल ओव्हरहेड’ मोडला. उत्तर सीक्रेट्स मॅनेजर, ४० सेंट देऊन.

तिसरी पायरी: ‘दीर्घकाळ टिकणारा पासवर्डच नको, सर्वांत सुरक्षित मार्ग हवा’. आरडीएसवर मायएसक्यूएल, मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस असेल तर आयएएम डेटाबेस ऑथेंटिकेशन हे उत्तर. लॅम्डा आपल्या रोलच्या जोरावर एक टोकन घेते आणि ते १५ मिनिटांच्या आत वापरून डेटाबेसमध्ये शिरते. पण प्रश्नात इंजिन ओरॅकल लिहिलं असेल तर ही सोय नाही, आणि पुन्हा सीक्रेट्स मॅनेजरकडे यावं लागतं. डेटाबेसचं नाव हा असा एक शब्द आहे, जो घाईत वाचणारे ओलांडून जातात.

सायबर सुरक्षेच्या परीक्षांतही हीच पद्धत चालते. समजा, पर्यायांत एसएमएसवरचा ओटीपी, ॲपमधला सहा अंकी कोड, पुश सूचना आणि एफआयडीओ२ सुरक्षा की आहे. दुसरा घटक म्हणून चारही वैध आहेत. पण ‘कर्मचारी बनावट लॉगिन पानावर कोड टाइप करतात’ असं मजकुरात असेल तर फक्त सुरक्षा की टिकते. ती संकेतस्थळाच्या खऱ्या नावाशी बांधलेली असते, त्यामुळे बनावट पानाला ती उत्तरच देत नाही. बाकी तिन्हींत माणसाला फसवून कोड किंवा मंजुरी काढून घेता येते. त्याउलट ‘नवीन उपकरणं विकत घेता येणार नाहीत, मोबाइलचं सिम हॅक होण्याची भीती आहे’ असं लिहिलं असेल तर सुरक्षा की आणि एसएमएस दोन्ही गेले.

स्वस्ताच्या प्रश्नांत अंदाज लावता म्हणालात, तिथे साठवणुकीचा एक सापळा नीट समजून घ्या. प्रति जीबी दर कमी म्हणजे बिल कमी, असं नसतं. एस३ स्टँडर्ड-आयएचा दर स्टँडर्डच्या साधारण निम्मा आहे: उत्तर व्हर्जिनियात ०.०१२५ विरुद्ध ०.०२३ डॉलर. पण तिथे प्रत्येक फाइल किमान १२८ केबीची धरली जाते, किमान ३० दिवसांचे पैसे लागतात आणि वाचताना प्रति जीबी वेगळं शुल्क पडतं. २० केबीच्या लाखो लॉग फायली थेट तिथे ठेवल्या तर प्रत्येकीचे पैसे ६.४ पट आकाराचे लागतात. निम्मा दर धरूनही बिल स्टँडर्डच्या जवळजवळ साडेतीन पट होतं. प्रश्नात फाइलचा आकार दिला असेल, किंवा ‘दोन आठवड्यांनी पुसतात’ असं म्हटलं असेल, तर तो हाच इशारा आहे. डीप आर्काइव्हही तसंच. दर सर्वांत कमी, पण फाइल परत मिळायला नेहमीच्या पद्धतीने १२ तासांपर्यंत लागतात आणि किमान १८० दिवसांचे पैसे द्यावे लागतात. ‘ऑडिटरने मागितल्यावर लगेच दिसलं पाहिजे’ हे एक वाक्य त्याला बाद करतं, आणि क्वचित वाचल्या जाणाऱ्या फायलींसाठी उत्तर ग्लेशियर इन्स्टंट रिट्रीव्हलकडे जातं.

उत्तरतालिका जुळत नाहीत याचं एक साधं कारण असतं: प्रश्न जुना आणि सेवा बदललेली. ५ जानेवारी २०२३पासून एस३मध्ये येणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप एन्क्रिप्ट होते. त्याआधी लिहिलेल्या प्रश्नात ‘बकेटवर डिफॉल्ट एन्क्रिप्शन चालू करा’ हे बरोबर उत्तर असेल, आज त्या पायरीला अर्थ उरलेला नाही. त्याच वर्षी एप्रिलपासून नव्या बकेटवर सार्वजनिक प्रवेश मुळातच बंद असतो. वाद पडला की तिसरी तालिका शोधू नका, त्या सेवेच्या अधिकृत दस्तऐवजातलं मर्यादांचं आणि दरांचं पान उघडा. आणि परीक्षेतून फोडलेले म्हणून विकले जाणारे प्रश्नसंच घेऊच नका. त्यांची उत्तरं बहुधा कुणीतरी अंदाजाने भरलेली असतात, आणि ते वापरणं परीक्षेच्या करारात बसत नाही. निकाल रद्द होऊ शकतो.

परीक्षेच्या दिवशीचं गणित सोपं आहे: ६५ प्रश्न, १३० मिनिटं, म्हणजे प्रत्येकाला दोन मिनिटं. उत्तीर्ण व्हायला १,०००पैकी ७२० गुण लागतात. ६५पैकी १५ प्रश्नांचे गुण धरले जात नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही. त्यामुळे एखादा विचित्र प्रश्न समोर आला तर त्यावर पाच मिनिटं घालवू नका. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून कोरा काहीच सोडू नका. आधी शेवटची ओळ वाचून काय विचारलंय एवढं बघा, मग मजकुरातल्या अटी टिपा, मग पर्याय बाद करा. दोन मिनिटांत दोनच उरले आणि फरक दिसत नसेल तर एक निवडून खूण करा आणि पुढे जा. परत आल्यावर पर्याय वाचू नका, मजकूर वाचा. राहून गेलेली अट तिथे असते: ‘डायरेक्ट कनेक्ट’, ‘ओरॅकल’, ‘२० केबी’ असा एखादाच शब्द.